परताव्याची मुदत संपली म्हणजे हक्क संपला नाही : ऑनलाइन घेतलेल्या सदोष घरघंटीपासून जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत

ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष निघाली की बहुतेक ग्राहक एका वाक्यापाशी अडकतात, ते वाक्य म्हणजे ‘आपली परताव्याची सात दिवसांची मुदत संपली आहे.’ ॲपच्या पडद्यावर हे वाक्य दिसले की पुढे काही करता येत नाही असे समजून माणूस गप्प बसतो. ती मुदत विक्रेत्याने आपल्या सोयीसाठी ठरवलेली असते आणि विनाकारण परतावा घेण्याच्या सवलतीपुरती तिला अर्थ असतो. वस्तूतील दोषाबद्दल दाद मागण्याची मुदत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ ने ठरवलेली आहे आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. या दोन मुदतींमधला फरक ध्यानात ठेवून एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू.

विट्यातील एका काकूंसाठी त्यांच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने एका मोठ्या खरेदी-संकेतस्थळावरून एक एचपी मोटारीची घरघंटी मागवली. किंमत १६,४९० रुपये होती, पैसे मुलाच्या खात्यातून यूपीआयने गेले आणि ९ मार्चला घरघंटी विट्यात पोचली. जाहिरातीत ‘ज्वारी, बाजरी, गहू सलग दळा, तासाला आठ ते दहा किलो’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटांत मोटार तापून संरक्षक बटण पडायचे आणि पुढचा अर्धा तास घरघंटी सुरूच व्हायची नाही. १२ मार्चला ॲपवर तक्रार नोंदवली. १५ मार्चला आलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटे घरघंटी चालवून पाहिली, ‘व्होल्टेज कमी आहे, मशीन ठीक आहे’ असे सांगितले आणि तो निघून गेला. १७ मार्चला परताव्याची विनंती केली तेव्हा मुदत संपल्याचे उत्तर आले. घरघंटी घरी येऊन एवढे दिवस झाल्यावर मुलाने मला फोन केला.

दोष आहे, हे आधी स्वतःला पटवा

आयोगासमोर तक्रार फसते ती बहुधा दोष सिद्ध न झाल्यामुळे, त्यामुळे आधी त्याच कामाला लागावे. घरघंटीसारख्या मोटारीच्या वस्तूबाबत विक्रेत्याचे तीन बचाव ठरलेले असतात : वीजदाब कमी होता, धान्य ओले होते किंवा क्षमतेपेक्षा जास्त दळण टाकले. पहिल्या बचावात तथ्य असू शकते हे मान्य केले पाहिजे, कारण वीजदाब कमी असताना तेवढेच काम करण्यासाठी मोटार जास्त प्रवाह ओढते आणि तापते. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतीपंप सुरू असताना गावठाणातला दाबही खाली येतो.

म्हणून आम्ही गावातल्या परवानाधारक वायरमनला बोलावले. ज्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर घरघंटी चालते त्याच सॉकेटवर त्याने, घरघंटी चालू असताना, दाब मोजला. तो २२६ व्होल्ट भरला, म्हणजे २३० व्होल्टच्या प्रमाण दाबाच्या जवळच. अर्थिंगही तपासले. मग धान्य न टाकता घरघंटी नुसतीच चालवली आणि अठराव्या मिनिटाला बटण पडले. दाणाच नसताना मोटार तापून बंद पडते म्हटल्यावर ओल्या धान्याचा आणि जास्त दळणाचा बचाव उरत नाही. दोष मोटारीत, बेअरिंगमध्ये किंवा संरक्षक बटणात आहे एवढे त्यावरून निश्चित होते. ही सगळी चाचणी एका सलग चित्रफितीत घेतली. मीटरवरचा आकडा, भिंतीवरचे घड्याळ आणि घरघंटीवरची अनुक्रमांकाची पट्टी एकाच चित्रफितीत दिसतील अशी काळजी घेतली. तुकडे जोडलेली चित्रफीत समोरचा वकील ‘जोडून केलेली’ म्हणून सहज उडवून लावतो.

वायरमनकडून तारीख, मोजमाप आणि परवाना क्रमांक घातलेला अहवाल सहीनिशी घेतला. पुढे त्याचे प्रतिज्ञापत्र लागेल याची कल्पना त्याला त्याच वेळी दिली, कारण नुसती चिठ्ठी आणि शपथेवरचा अहवाल यांच्या वजनात फार फरक असतो.

या काळात मोह होतो तो घरघंटी गावातल्याच मिस्त्रीकडून खोलून घेण्याचा, पण तसे करू नये. मोटार एकदा खोलली की हमी गेली आणि ‘दोष मूळचा की खोलल्यामुळे झाला’ हा नवा वाद उभा राहिला. खोके, थर्माकोल, हमीपत्र आणि आतली पुस्तिकाही जपून ठेवावी.

कोणाविरुद्ध, हे शोधून काढा

ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळ, त्यावर दुकान मांडणारा विक्रेता आणि वस्तूचा उत्पादक असे तीन वेगळे पक्ष असू शकतात. बिलावर विक्रेत्याचे नाव असते, संकेतस्थळाचे नसते, आणि अनेकांना ते नाव तक्रार करताना पहिल्यांदाच दिसते. बिलावरचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक इथे फार कामाचा आहे. त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात : २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात, ०७ म्हणजे दिल्ली. gst.gov.in या संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेण्याची सोय आहे. तिथे हा क्रमांक टाकला की व्यवसायाचे नोंदणीकृत नाव, मुख्य जागा आणि नोंदणी अजून चालू आहे की रद्द झाली, हे कळते. आमच्या प्रकरणात बिलावरचा पत्ता गोदामाचा निघाला आणि व्यवसायाची मुख्य जागा दुसऱ्याच शहरात होती. नोटीस दोन्ही पत्त्यांवर पाठवली.

पत्ता मिळत नसेल तर तो संकेतस्थळाकडे लेखी मागावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू घेतल्यानंतर ग्राहकाने लेखी विनंती केल्यास विक्रेत्याच्या मुख्यालयाचा आणि शाखांचा पत्ता देणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे. त्यांनी तो दिला नाही, तर संकेतस्थळाच्या स्वतःच्या कसुरीचा तो पुरावा होतो.

तक्रारीत आम्ही विक्रेत्याला जाबदार क्रमांक १, संकेतस्थळाला क्रमांक २ आणि उत्पादकाला क्रमांक ३ केले. संकेतस्थळ हमखास म्हणते की आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, माल आमचा नाही. हा बचाव पोकळ नसतो. मध्यस्थाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण मिळू शकते, पण त्यासाठी त्याने आपली कर्तव्ये पाळलेली असावी लागतात. म्हणून संकेतस्थळाविरुद्ध लिहिताना ‘तुम्ही खराब घरघंटी विकली’ असे लिहून भागत नाही. ‘तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे तक्रार सोडवली नाही’ असे लिहावे लागते. ते लिहिता यावे म्हणून आधी त्या अधिकाऱ्याकडे तक्रार केलेली असली पाहिजे, आणि पुढची पायरी तीच आहे.

तक्रार निवारण अधिकारी, १९१५ आणि नोटीस

ॲपमधल्या गप्पांच्या खिडकीत चार वेळा तक्रार केली म्हणजे तक्रार झाली असे धरून चालू नये. त्या गप्पा काही दिवसांनी दिसेनाशाही होतात, त्यामुळे रोजच्या रोज त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. खरी तक्रार ई-मेलने तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. त्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर देणे सक्तीचे आहे आणि ते बहुधा मुखपृष्ठाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत सापडतात. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करायचे, असे नियम सांगतो. आमचा ई-मेल २२ मार्चचा होता, म्हणजे पोचेची मुदत २४ मार्चला आणि निवारणाची २२ एप्रिलला संपत होती. पोच आली, तक्रार क्रमांकही आला, पण २२ एप्रिल उलटून गेला तरी उत्तर आले नाही.

त्याच आठवड्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली. consumerhelpline.gov.in वरूनही ती नोंदवता येते. ही हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि तिचे उत्तर आपल्याला कळवते. निकाल देण्याचा किंवा दंड करण्याचा अधिकार तिला नाही. तरीही मोठ्या संकेतस्थळांच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, आणि मिटली नाही तरी मिळालेला नोंदणी क्रमांक पुढे कागदावर लावता येतो. विक्रेत्याचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधून लावू नये, एवढे मात्र इथे सांगितले पाहिजे. ‘परतावा देतो, हे ॲप उतरवून घ्या, ओटीपी सांगा’ म्हणणारे भामटे नेमक्या अशाच वैतागलेल्या ग्राहकाची वाट पाहत असतात. तसे काही घडलेच तर तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

याच टप्प्यावर कंपनी पाचशे-हजार रुपयांचे कूपन देऊ करते. आमच्याकडे ७५० रुपयांचे आले होते. ते स्वीकारताना ‘माझी तक्रार पूर्णपणे मिटली आहे’ या चौकटीत खूण करावी लागत होती, म्हणून ते घेतले नाही. तसेच, माल नेण्यासाठी माणूस आला आणि माल न नेताच त्याने ओटीपी मागितला, तर तो देऊ नये; दिला की नोंदीत माल परत गेलेला दिसतो आणि घरघंटी मात्र आपल्याच घरात असते.

आयोगात जाण्याआधी नोटीस पाठवलीच पाहिजे असे कायद्यात नाही, पण मी ती नेहमी पाठवायला सांगतो. नोटिशीमुळे दोष, मागणी आणि तारीख एका कागदावर येतात आणि ‘आम्हाला कळवलेच नाही’ हे म्हणणे संपते. वकिलाचीच नोटीस हवी असेही नाही. आम्ही २५ एप्रिलला तिन्ही पक्षांना स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने नोटीस पाठवली. तिचा गाभा असा होता :

> ‘आपल्याकडून दि. ३ मार्च रोजी मागवलेली व दि. ९ मार्च रोजी मिळालेली घरघंटी (बिल क्रमांक, अनुक्रमांक सोबत) धान्य न टाकताही १८ मिनिटांत तापून बंद पडते. सॉकेटवरील वीजदाब त्या वेळी २२६ व्होल्ट होता. वायरमनचा अहवाल सोबत आहे. दि. १२ मार्चपासून वारंवार कळवूनही आपण दोष दूर केलेला नाही अथवा वस्तू बदलून दिलेली नाही. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रु. १६,४९०/- परत करावेत व घरघंटी स्वखर्चाने घेऊन जावी. अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सांगली येथे तक्रार दाखल केली जाईल.’

नोटिशीत राग, धमकी किंवा ‘समाजमाध्यमांवर बदनामी करू’ असे काही लिहू नये. पोस्टाची पावती आणि संकेतस्थळावरून काढलेला पोचेचा तपशील जपून ठेवावा. ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा येऊन परत आलेले पाकीट फोडू नये, ते तसेच बंद स्वरूपात आयोगासमोर ठेवावे.

कोणत्या जिल्ह्यात आणि कोणाच्या नावाने

मुलाने फोनवर विचारलेला पहिला प्रश्न असा होता : “सर, ऑर्डर माझ्या नावावर आहे, पैसे माझे आहेत आणि घरघंटी आईकडे आहे. तक्रार पुण्यात करायची, सांगलीत की कंपनीच्या गावाला?”

जुन्या, १९८६ च्या कायद्यात जाबदार जिथे असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल तिथे जावे लागे. २०१९ च्या कायद्याने यात मोठी सोय केली. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः पोटापाण्याचा व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातही तक्रार देता येते. त्यामुळे संकेतस्थळाच्या अटींमध्ये ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयातच’ असे लिहिलेले असले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. लवादाची अटही आड येत नाही. बिल्डर-ग्राहक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलेले आहे.

नावाचा प्रश्न याहून नाजूक होता. कायद्याच्या व्याख्येत वस्तू विकत घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने ती वापरणारा माणूसही ग्राहक आहे. म्हणून आम्ही मुलगा तक्रारदार क्रमांक १ आणि काकू तक्रारदार क्रमांक २ अशी एकत्र तक्रार केली. काकू सांगली जिल्ह्यात राहतात आणि वस्तूही तिथेच पोचली, त्यामुळे सांगलीच्या अधिकारक्षेत्राबद्दल शंका उरली नाही. हेच कुटुंब कराडला असते तर सातारच्या आयोगाकडे जावे लागले असते.

आणखी एक अडचण होती. काकू शेजारपाजारच्या चार-पाच घरांचे दळण पैसे घेऊन दळून द्यायच्या. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही, म्हणून मुलाचे म्हणणे होते की हे लिहूच नये. मी त्याला ते लिहायला लावले. एक तर चित्रफितीत मागे दळणाचे डबे दिसतच होते. लपवलेली गोष्ट उलटतपासात निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. दुसरे म्हणजे कायद्यातच अपवाद आहे : केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या निकालात हा अपवाद उलगडून सांगितला आहे. माणूस स्वतः यंत्र चालवून पोट भरतो की इतरांना कामाला लावून नफा कमावतो, हे तिथे पाहिले जाते. तक्रारीत आम्ही एवढेच लिहिले की घरघंटी मुख्यतः घरच्या वापरासाठी घेतली, काकू ती स्वतः चालवतात, नोकर नाही आणि शेजारच्या दळणातून मिळणारे थोडे पैसे घरखर्चाला जातात. बिल घेताना करसवलतीसाठी दुकानाचा जीएसटी क्रमांक टाकणाऱ्यांची मात्र इथे पंचाईत होते, कारण मग तो कागदच त्यांच्याविरुद्ध बोलतो.

तक्रार अर्ज आणि कागद

लोक अजून ‘ग्राहक मंच’ किंवा ‘ग्राहक कोर्ट’ म्हणतात. कायद्याने आता त्याचे नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असे आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडेच जाते. नुकसानभरपाई किती मागितली यावर हे ठरत नाही, तर किती मोबदला दिला यावर ठरते, आणि शुल्कही त्याच हिशेबाने लागते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, त्यामुळे १६,४९० रुपयांच्या घरघंटीसाठी काहीच भरावे लागले नाही.

तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन भरता येते किंवा कार्यालयात समक्ष देता येते. ऑनलाइन भरली तरी कागदी संच मागितले जाऊ शकतात, म्हणून आयोगासाठी आणि प्रत्येक जाबदारासाठी एकेक संच तयार ठेवावा आणि नेमकी संख्या कार्यालयात विचारून घ्यावी. सांगली-साताऱ्यात तक्रार मराठीत देता येते आणि वकील लावण्याची सक्ती नाही.

अर्जात घटना तारखेच्या क्रमाने, प्रत्येक परिच्छेदात एकच, अशा लिहाव्यात आणि प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या कागदाने सिद्ध होते हे लिहावे. आमच्या यादीत बिल, यूपीआयची नोंद, जाहिरातीच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, हमीपत्र, ॲपवरील तक्रारी, अधिकाऱ्याला केलेला ई-मेल आणि त्याची पोच, हेल्पलाइनचा क्रमांक, नोटीस आणि पोचा, वायरमनचे प्रतिज्ञापत्र एवढेच कागद होते. जाहिरातीचे पान पहिल्याच दिवशी टिपून ठेवावे, कारण वाद सुरू झाला की ‘तासाला आठ ते दहा किलो’चे ‘तासाला सहा किलोपर्यंत’ व्हायला वेळ लागत नाही. चित्रफीत पेनड्राइव्हमध्ये द्यावी आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे. ज्या फोनमध्ये ती चित्रित केली तो फोन प्रकरण संपेपर्यंत विकू नये.

विनंतीच्या कलमात किंमत, पैसे दिल्याच्या तारखेपासूनचे व्याज, मानसिक त्रासापोटी १०,००० रुपये आणि तक्रारीच्या खर्चापोटी ५,००० रुपये मागितले. मुलाला दोन लाख मागायचे होते. भरमसाट मागणी केली म्हणून भरमसाट रक्कम मिळत नाही. तिला आधार काय, एवढेच विचारले जाते आणि त्या आधाराची कागदपत्रे आपल्याकडे नसतात.

दोन वर्षांच्या मुदतीबद्दल एक इशारा द्यायला हवा. पत्रव्यवहार सुरू आहे म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. ‘आम्ही बघतो, थोडे थांबा’ असे ई-मेल येत राहतात आणि दोन वर्षे उलटतात. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते आणि ते आयोगाला पटले पाहिजे. आम्ही मुदतीची शेवटची तारीख वस्तू मिळाल्याच्या दिवसापासून मोजून पाकिटावरच लिहून ठेवली होती. तक्रार मात्र २ जूनलाच दाखल केली.

आयोगात काय होते

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे सर्वसाधारणपणे २१ दिवसांत ठरते. तोपर्यंत ठरले नाही तर ती दाखल झाली असे समजले जाते. मग जाबदारांना नोटीस जाते आणि त्यांनी ३० दिवसांत आपले म्हणणे द्यायचे असते. आयोग आणखी १५ दिवस देऊ शकतो, त्यापुढे नाही. जुन्या कायद्यातील याच मुदतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी तसा निकाल दिला आहे. म्हणून जाबदाराला नोटीस कधी मिळाली ती तारीख आपण स्वतः लिहून ठेवावी आणि पंचेचाळीस दिवस संपताच ‘म्हणणे नाही’ असा आदेश मागावा. आमच्या प्रकरणात विक्रेता आलाच नाही आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फा आदेश झाला. संकेतस्थळाने वकिलामार्फत म्हणणे दिले आणि त्यात अपेक्षेप्रमाणे मध्यस्थाचा आणि व्होल्टेजचा असे दोन बचाव घेतले.

दोष प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. घरघंटीच्या किमतीकडे पाहता हा खर्च अंगावर आला असता. वायरमनचे प्रतिज्ञापत्र आधीच जोडलेले असल्याने, आणि समोरच्याने त्याविरुद्ध कोणताही तांत्रिक अहवाल न दिल्याने, ती वेळ आली नाही. तंत्रज्ञाच्या भेटीच्या पावतीवर दाबाचा आकडाच लिहिलेला नव्हता, हे आम्ही लेखी युक्तिवादात दाखवून दिले.

कायद्यात तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात वर्ष उलटणे नवलाचे नाही, हे धरूनच बसावे. सुनावणी बहुतांश प्रतिज्ञापत्रांवर चालते, त्यामुळे दरवेळी साक्षीला उभे राहावे लागत नाही. जत किंवा आटपाडीहून सांगलीला येणे अवघड असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याचा अर्ज करता येतो. तारखेला गैरहजर मात्र राहू नये, कारण तक्रारदारच आला नाही तर तक्रार निघून जाऊ शकते.

तोंडी युक्तिवादाच्या आधी संकेतस्थळाच्या वकिलांनी तडजोडीचा प्रस्ताव दिला : पूर्ण किंमत आणि खर्चापोटी ४,००० रुपये. काकूंना पटले आणि आम्हीही हो म्हटले. निकालाची वाट पाहिली असती तर कदाचित थोडे अधिक मिळाले असते, पण राज्य आयोगाकडे अपिलाला ४५ दिवसांची मुदत असते आणि तिथेही काळ जातो. अपील करणाऱ्याला आदेशाच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, हा ग्राहकाच्या बाजूचा दिलासा खरा. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर आपणच वसुलीची दरखास्त दाखल करायची असते. कलम ७१ प्रमाणे आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी होते आणि कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तडजोडीत एकच गोष्ट अडून धरली. वकील म्हणत होते की आज पुरशिसवर, म्हणजे तडजोड झाल्याचे आयोगाला द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करा, पैसे आठवड्याभरात येतील. आम्ही पुढची तारीख मागितली, २०,४९० रुपये मुलाच्या खात्यात जमा झालेले बँकेच्या उताऱ्यावर पाहिले आणि मगच तडजोडीची पुरशिस दिली. घरघंटी न्यायला टेम्पो आला तेव्हा चालकाकडून अनुक्रमांक लिहिलेली पोचपावती घेतली आणि घरघंटी गाडीत चढवतानाचा फोटोही काढून ठेवला.